सामना संपला, आता गाडी कुठंय? गहुंजेच्या वावरातून आणि मॉलच्या तळघरातून गाडी शोधण्याची पद्धत

गहुंजेच्या स्टेडियमवर पहिल्यांदा सामना बघायला जाणारे तिकीट, टोपी, झेंडा, पाणी, सगळ्याची चौकशी करतात. परत येताना गाडी कशी सापडेल हे मात्र कुणी विचारत नाही. रात्री बाहेर पडल्यावर कळतं, की दुपारी जिथे गाडी लावली ते मैदान आता ओळखूच येत नाहीये. आजूबाजूला शेकडो पांढऱ्या गाड्या, सगळ्या एमएच १२ नाहीतर एमएच १४, आणि प्रत्येक जण हात वर करून रिमोट दाबतोय.

हे मार्गदर्शन मुख्यतः अशा मोकळ्या मैदानासाठी आहे, कारण खरी पंचाईत तिथेच होते. मॉल किंवा विमानतळाच्या बहुमजली पार्किंगचं गणित वेगळं आहे, ते मध्ये एका टप्प्यात दिलंय. सवाईला मुकुंदनगरच्या गल्लीबोळांत गाडी लावणाऱ्यांना यातलं फारसं लागणार नाही. गल्लीला निदान कोपऱ्यावरचं दुकान तरी असतं.

सोबत काय हवं

- पुरेसं चार्ज असलेला फोन, आणि त्यात पुण्याचा ऑफलाइन नकाशा
- गाडीच्या नंबरचा फोटो (गाडी मित्राची, भाड्याची किंवा नवी असेल तर हे विसरू नकाच)
- पार्किंगची पावती किंवा पास, आणि त्याचाही फोटो
- डिजिलॉकरमध्ये आरसी
- खिशात थोडी रोख रक्कम, एक कागद आणि पेन

१. घरून निघण्यापूर्वी: नकाशा उतरवून घ्या

हजारो लोक एका जागी जमले की मोबाइलचं इंटरनेट मान टाकतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. आपण कुठे उभे आहोत हे फोनला उपग्रहांकडून कळतं, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. इंटरनेट लागतं ते खालचा नकाशा दिसायला. तो आधीच फोनमध्ये असेल, तर नेटवर्क गेलं तरी आपला निळा ठिपका आणि गाडीची खूण, दोन्ही दिसत राहतात. Google Maps मध्ये उजवीकडे वर आपल्या फोटोवर टॅप करा, Offline maps मध्ये जा आणि गहुंजे, देहूरोड, सोमाटणे आत येईल एवढा चौकोन निवडून उतरवून घ्या. हे घरच्या वायफायवर करा.

दुसरी गोष्ट पॉवर बँकेची. बऱ्याच सामन्यांना ती आत नेऊ देत नाहीत, बॅगही नाही. मग लोक काय करतात, तर गेटवरून परत जाऊन ती गाडीत ठेवतात. म्हणजे गाडी शोधायच्या वेळी फोन चार्ज करायचं साधन गाडीतच! म्हणून तिकिटावरची मनाई असलेल्या वस्तूंची यादी आधी वाचा. पॉवर बँक चालणार नसेल, तर पहिल्या षटकापासून व्हिडिओ काढत बसू नका. वीस टक्के बॅटरी परतीसाठी बाजूला ठेवायची, असं घरातल्या एकाला तरी बजावून ठेवा.

२. गाडी लावल्यावर: इंजिन बंद करून दोन मिनिटं थांबा

पार्किंगवाला शिट्टी मारत असतो, मागची गाडी हॉर्न देत असते, मुलं उतरून धावायला लागलेली असतात. तरीही ही दोन मिनिटं सोडू नका.

गाडीतून उतरून मोकळ्या आकाशाखाली उभे राहा आणि नकाशा उघडा. निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसेल. खिशातून नुकताच काढलेला फोन अजून अंदाज बांधत असतो, म्हणून ते वर्तुळ मोठं असतं. ते आकसेपर्यंत थांबा. मोकळ्यावर चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत नेमकी जागा दाखवतो. म्हणजे एखाद-दुसऱ्या गाडीचा फरक पडेल, पण रांग चुकणार नाही. मग निळ्या ठिपक्यावर टॅप करून Save parking निवडा.

तीच जागा घरच्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाका, म्हणजे एक फोन बंद पडला तरी दुसऱ्यात खूण राहते. तिथे दोन पर्याय दिसतात आणि हमखास चूक इथे होते. Share live location निवडलंत, तर नकाशावरची खूण तुमच्याबरोबर स्टेडियममध्ये येईल. गाडी मागे राहील आणि ग्रुपला तुम्ही कुठल्या स्टँडमध्ये बसलाय ते दिसेल. आपल्याला हवं ते Send your current location. त्याच्याखाली Accurate to असं लिहून मीटरचा आकडा येतो, तो दहाच्या आत आल्यावरच पाठवा.

आता फोटो. गाडीचा एकटीचा फोटो काढून उपयोग नाही, ती कशी दिसते ते तुम्हाला माहीत आहे. गाडीपाशी उभं राहून स्टेडियमच्या दिशेला एक फोटो काढा. मग मैदानाच्या तोंडाशी, जिथून चालत बाहेर पडता तिथे, मागे वळून दुसरा काढा. हा दुसरा फोटो जास्त कामाचा, कारण रात्री तुम्ही त्याच जागेवरून मैदान बघणार आहात. मैदानाच्या नावाचा किंवा अक्षराचा फलक असेल, तर तो याच फोटोत येऊ द्या.

खुणा निवडताना एकच प्रश्न विचारा: ही रात्री अकरा वाजता इथे असेल का, आणि दिसेल का? वडापावची गाडी निघून जाते. शेजारची लाल एसयूव्ही आपल्या आधी जाते. घोरावडेश्वराचा डोंगर दुपारी डोळ्यांत भरतो आणि रात्री काळोखात बुडतो. स्टेडियम स्वतःही फारसं उपयोगी नाही, कारण वाडग्यासारखं असल्यामुळे चहूबाजूंनी जवळपास सारखंच दिसतं. विजेचा खांब, रोहित्र, बांधावरचं मोठं झाड, दूरच्या उंच इमारतींचे दिवे, एक्स्प्रेसवेवरून जाणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांची ओळ, अशा खुणा टिकतात. त्यातल्या दोन निवडा, एक समोरची आणि एक बाजूची. एकीवरून फक्त दिशा कळते, दोन असल्या की जागा कळते.

शेवटी कागदावर लिहा: मैदानाचं अक्षर किंवा नाव, आत आल्यापासून कितवी रांग, कुठल्या हाताला. कागद खिशात ठेवा. हे जुनाट वाटेल, पण कागदाची बॅटरी संपत नाही.

एक घरगुती सापळा. बाकीच्यांना गेटवर उतरवून चालक एकटाच गाडी लावून येतो. मग परतताना तो पाणी आणायला मागे राहतो आणि उरलेले चौघं 'साधारण त्या बाजूला' निघतात. गाडी कुठे आहे हे निदान दोघांना माहीत हवं.

३. बहुमजली पार्किंग असेल तर

विमाननगरचा मॉल असो, विमानतळाचं एरोमॉल असो, इथे नकाशावरची खूण जवळपास निरुपयोगी ठरते. काँक्रीटच्या छताखाली उपग्रहाचे संदेश पोचत नाहीत, आणि पोचले तरी त्या खुणेतून मजला कळत नाही. चौथ्या मजल्यावरची गाडी आणि दुसऱ्या मजल्यावरची गाडी नकाशावर एकाच ठिपक्यात बसतात.

म्हणून इथे तीन गोष्टी टिपायच्या: मजला, खांबाचा क्रमांक आणि लिफ्ट. पहिल्या दोन सगळेच टिपतात, तिसरी राहून जाते. मोठ्या इमारतीत लिफ्टचे तीन-चार गट असतात. वेगळ्या गटातून उतरलात तर मजला बरोबर असूनही भलत्याच टोकाला निघता, आणि काही ठिकाणी तर मध्ये भिंत असते. त्यामुळे गाडीपाशी खांबाचा एक फोटो आणि लिफ्टच्या दारावरच्या पाटीचा दुसरा. मजल्याचं नाव लिफ्टच्या आतल्या बटणावर वेगळंही असू शकतं, तेव्हा बटण दाबताना तेही बघून ठेवा.

इथे रिमोटचा आवाज दगा देतो. हॉर्न छतावर आणि भिंतींवर आदळून घुमतो, तो कुठून आला ते कळत नाही. रॅम्पच्या मोकळ्या जागेतून वरच्या मजल्यावरची गाडीही उत्तर देऊ शकते. कानांवर विसंबू नका, इंडिकेटरच्या पिवळ्या उघडझापीकडे बघा. तरी नाही सापडली, तर पावती घेऊन सुरक्षारक्षकाकडे जा. पावतीवर आत आल्याची वेळ असते, आणि काही ठिकाणी प्रवेशद्वारावरच्या कॅमेऱ्यात गाडीचा नंबर टिपलेला असतो. पावती हरवली असेल तर आरसी दाखवावी लागते, वर बहुधा दंडही भरावा लागतो. म्हणून पावतीचा फोटो.

४. बाहेर पडताना: आलात त्याच गेटची वाट धरा

परत मैदानाकडे. शेवटचा चेंडू पडला की गर्दी जिकडे वाहते तिकडे आपणही वाहतो आणि भलत्याच गेटमधून बाहेर येतो. त्यातून पोलिसांनी परतीसाठी रस्त्यांची दिशा बदललेली असते. दुपारी ज्या रस्त्याने चालत आलात, त्यावरून आता गाड्यांची रांग बाहेर पडत असते. चुकीच्या गेटमधून बाहेर पडलात, तर मैदानं शोधत भटकण्याआधी स्टेडियमच्या कडेकडेने आपल्या गेटपर्यंत या. अंतर वाढल्यासारखं वाटतं, पण तिथून पुढची वाट पायांना माहीत असते.

खूण साठवली असेल तर नकाशा उघडा, मात्र चालत जाण्याचा 'मार्ग' मागू नका. शेतातलं तात्पुरतं पार्किंग नकाशाला रस्ता म्हणून माहीत नसतं, तो तुम्हाला लांबच्या डांबरी रस्त्याने वळसा घालायला लावेल. निळा ठिपका आणि गाडीची खूण एवढंच बघा. ठिपक्याचं टोक कुठे वळलंय यावरही फार भरवसा नको, कारण फोनमधलं होकायंत्र गाड्यांच्या लोखंडाजवळ भरकटतं. दहा-पंधरा पावलं एका दिशेला चाला आणि ठिपका खुणेजवळ सरकतो की लांब जातो ते पाहा. टॉर्च पायांसमोर धरा, बांध आणि चर नकाशात दिसत नाहीत.

५. खूण साठवलीच नसेल तर: आधी पुरावे, मग पाय

माझ्या मावसभावाचं उदाहरण सांगतो. ३१ जानेवारी २०२५ ला गहुंजेला भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी होती, तो कुटुंबासह गेला होता. जानेवारीअखेर पुण्यात साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्यांनी गाडी लावली तेव्हा लख्ख उजेड होता आणि सामना सातचा, त्यामुळे घाई. भारत १५ धावांनी जिंकला, सगळे नाचत बाहेर आले, आणि मग मैदान कुठलं यावरून नवराबायकोचे दोन पक्ष पडले.

वहिनींनी चालायला नकार दिला, हे फार बरं झालं. जागेवर उभं राहून त्यांनी आधी फोन तपासले. पहिला पुरावा मुलीच्या फोटोत मिळाला. गाडीतून उतरल्यावर झेंडा घेऊन काढलेला फोटो होता. फोटो उघडून बोट वर सरकवलं की, कॅमेऱ्याला जागेची परवानगी दिलेली असल्यास, तो कुठे काढला ते नकाशावर दिसतं. त्यांना तसं दिसलं. पण मुलगी तोवर धावत बरीच पुढे गेली होती, म्हणजे मैदान कळलं, रांग नाही. फोटोच्या मागे बांधावरचं झाड आणि विजेचा खांब दिसत होता.

दुसरा पुरावा पार्किंगच्या पैशांचा. ते यूपीआयने दिले होते, त्यामुळे मैदानात शिरल्याची नेमकी वेळ मिळाली. वेळेचा उपयोग काय? तर अशी मैदानं ओळीने भरत जातात. शिट्टीवाला सहसा पहिली गाडी सगळ्यात आतल्या रांगेला पाठवतो आणि मग अलीकडच्या रांगा भरत येतो. लवकर आलेला आत खोलवर असतो, उशिरा आलेला तोंडाशी. हे लोक सामन्याच्या बऱ्याच आधी पोचले होते. म्हणजे गाडी आतल्या भागात असणार, आणि खांब फोटोत डावीकडे दिसतोय म्हणजे मैदानाची ती बाजू.

तुमच्याकडे याहून चांगला पुरावाही असू शकतो. Google Maps मध्ये Timeline चालू असेल, तर गाडीने प्रवास कुठे संपला आणि पायी कुठून सुरू झाला ते त्यात दिसतं. तो जोड म्हणजेच गाडी. आयफोन गाडीच्या ब्लूटूथला किंवा कारप्लेला जोडलेला असेल, तर अॅपलच्या नकाशात गाडीची जागा आपोआप नोंदली गेलेली असू शकते. नव्या गाड्यांच्या अॅपमध्येही गाडी शोधण्याची सोय असते, फक्त तिला गाडीत आणि फोनमध्ये दोन्हीकडे नेटवर्क लागतं, त्यामुळे ऐन गर्दीत ती रुसते.

६. रांगा पालथ्या घालायच्या, पण पद्धतीने

मैदान नक्की झालं की शोध तोंडापासून सुरू करा, म्हणजे गाडी जिथून आत आली तिथून. मधूनच घुसलात तर कुठल्या रांगा बघून झाल्या याचा पत्ता राहत नाही.

रिमोटवर कुलूप लावायचं बटण दाबा, उघडायचं नको. नाहीतर अंधारात कुठेतरी तुमची गाडी उघडी होऊन बसेल आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला असाल. मोकळ्यावर बऱ्याच रिमोटचा पल्ला वीस-तीस मीटर असतो. आपला किती ते घराजवळच्या रस्त्यावर एकदा अजमावून ठेवा. हात डोक्यावर उंच धरला तर मधल्या गाड्या आड येत नाहीत. रिमोट हनुवटीला टेकवून दाबला तरी पल्ला थोडा वाढतो. हे ऐकायला थापेसारखं वाटतं, पण शरीरातल्या पाण्यामुळे खरंच फरक पडतो. पल्ला एकदम कमी झाला असेल, तर आतला बटणासारखा सेल संपत आलाय असं समजा.

आता किती चालायचं ते बघू. एका गाडीची जागा साधारण पाच मीटर लांब. दोन बाजूंच्या दोन गाड्या आणि मधली सहा मीटरची वाट धरली, की सोळा मीटर झाले. म्हणजे एका वाटेपासून पुढची वाट सोळा मीटरवर. रिमोट वीस मीटर पोचत असेल, तर प्रत्येक वाटेने जायची गरज नाही, एक सोडून एक वाट घेतली तरी मधल्या सगळ्या गाड्या पल्ल्यात येतात. दहा वाटा असतील तर पाच चालायच्या. दर वीसेक पावलांवर थांबा, एकदा दाबा आणि दोन्हीकडे नजर फिरवा. सतत दाबत पळालात, तर उघडझाप तुमच्या पाठीमागे होऊन जाते.

सगळ्यांनी पांगू नका. मुलं आणि ज्येष्ठ मंडळी एका ठरलेल्या खांबाखाली थांबू देत, त्यांच्यापाशी एक चालू फोन ठेवा. मावसभावाने एक वाट सोडून चालायला सुरुवात केली आणि आतल्या रांगांपाशी, खांबाच्या बाजूलाच, त्याच्या पांढऱ्या गाडीने डोळे मिचकावले. त्याआधी दुसऱ्याच एका पांढऱ्या गाडीचं दार त्याने ओढून पाहिलं होतं, आणि आत माणसं बसलेली होती. तेव्हा दाराला हात लावण्यापूर्वी नंबरचे शेवटचे चार आकडे बघा.

काहीच जमलं नाही, तर थांबणं हाही चांगला उपाय आहे, आणि मला विचाराल तर तो कमी लेखला जातो. तासाभरात मैदान बरंच रिकामं होतं. रांगांच्या भिंती विरळ होतात, रिमोट लांबवर पोचतो आणि नेटवर्कही परत येतं. तसंही लगेच गाडी सापडली असती, तर तो तास तुम्ही बाहेरच्या कोंडीत घालवला असता. फक्त स्वयंसेवकाला आधी विचारा, मैदानातले दिवे किती वाजता बंद होणार आहेत.

७. मैदान रिकामं झालं तरी गाडी नाही

आधी शेजारचं मैदान बघा. बांधापलीकडे तसंच दुसरं पार्किंग असतं आणि दोघांचं तोंड एकाच रस्त्यावर उघडतं, त्यामुळे ही गफलत सहज होते. पावतीवरचं अक्षर इथे निकाल लावतं.

गाडी मैदानात न लावता रस्त्याकडेला लावली असेल, तर चोरीचा संशय घेण्याआधी ती उचलून नेली आहे का हे विचारा. बंदोबस्तावरच्या वाहतूक पोलिसाला नंबर सांगा, कुणी दिसलं नाही तर ११२ वर फोन करा. नंबर, कंपनी आणि मॉडेल, रंग, गाडी लावल्याची वेळ आणि जागा, एवढं एका दमात सांगता आलं पाहिजे. नंबरचा फोटो आणि डिजिलॉकरमधली आरसी इथे कामाला येते. डिजिलॉकरला इंटरनेट लागतं आणि नेमकं तेव्हा ते नसतं, म्हणून आरसीची फाइल घरूनच फोनमध्ये उतरवून ठेवा.

गाडी सापडली तर घरी पोचल्यावर नकाशातली पार्किंगची खूण पुसून टाका. जुनी खूण तशीच राहिली आणि पुढच्या वेळी नवी साठवायची विसरलात, तर नकाशा तुम्हाला मागच्या सामन्याच्या रांगेत नेऊन उभं करेल.